क्लबचं ऑडिट झालं म्हणतात, पण वर्गणी आणि स्पॉन्सरशिपचा हिशोब जुळून नाही राहिला, नेमकं काय मागायचं?

नेटजवळचा
नमस्कार मंडळी. पश्चिम नागपुरात आमचा जुना बॅडमिंटन क्लब आहे, तीन कोर्ट, सकाळ-संध्याकाळ बॅच, डिसेंबरात एक ओपन टूर्नामेंट. नाव मुद्दाम लिहीत नाही. संस्था 1860 च्या सोसायटी अॅक्टखाली आणि धर्मादायकडे ट्रस्ट म्हणून, अशी दोन्हीकडे नोंदलेली आहे.

वार्षिक सभेत 2024-25 चा अहवाल वाटला तो घरी नीट पाहिला. सभासद यादीत 212 नावं. वर्गणी वर्षाला 2,400. म्हणजे 5,08,800 यायला पाहिजे, पण जमाखर्चात 3,91,200 दाखवलेत. फरक 1,17,600. स्पॉन्सरशिप 2,45,000 एकाच ओळीत, कोणी किती दिले काही नाही, आणि टूर्नामेंटच्या बॅनरवर मात्र तीन मोठे लोगो होते ते माझ्या फोटोत दिसतात. कमिटी खर्च बैठक, प्रवास, चहापान, किरकोळ मिळून 1,86,000.

सभेत विचारलं तर अध्यक्ष म्हणाले सीएनी सही केली, ऑडिट झालं, आता काय राहिलं. अर्ध्या लोकांना चहा घेऊन निघायची घाई. मला कोणावर आरोप नाही करायचा, पण वीस वर्षं जिथे खेळलो तिथला पैसा कुठे जातो हे कळायला पाहिजे ना. नेमका कोणता कागद मागू?

महालचा_पोट्ट्या
भाऊ सिंपल आहे, पैसे खाल्ले. 49 जणांची वर्गणी गायब म्हणजे काय? पोलिसात द्या सरळ.

जुना_खजिनदार
थांब रे बाबा, एवढ्यात पोलिस काऊन? मी दुसऱ्या एका क्लबचा खजिनदार होतो बरीच वर्षं, म्हणून सांगतो, यादी गुणिले वर्गणी हा आकडा कधीच तसाच्या तसा जमत नाही. पहिले हे पाहा की 212 मध्ये आजीव सभासद किती. ते एकदाच पैसे भरतात, दरवर्षी नाही. मग वर्षाच्या मधात आलेले, ज्यांच्याकडून अर्धी वर्गणी घेतली. मग थकबाकीदार. तुमचे हिशोब रोखीच्या पद्धतीनं असतील तर जे आलं तेवढंच जमेला दिसेल, थकलेलं कुठेच दिसणार नाही.

या तीन गोष्टी वजा करून जो फरक उरेल तो खरा फरक. आणि आजीववाल्यांचे पैसे जमाखर्चात शोधू नका, ते ताळेबंदात डाव्या बाजूला आजीव सभासद निधी म्हणून असतात. मागच्या वर्षीचा आणि या वर्षीचा आकडा पाहा, वाढ किती झाली, नवीन आजीव किती झाले, गुणाकार जमला तर तो भाग स्वच्छ.

बजाजनगरकर
आमच्या सोसायटीत पण असंच झालं होतं, लिफ्टच्या खर्चात घोळ. आम्ही उपनिबंधकांकडे अर्ज दिला, त्यांनी चाचणी लेखापरीक्षण लावलं, मॅनेजिंग कमिटीची चांगलीच धावपळ झाली. तुम्ही पण तिकडेच जा, सहकार खात्यात. फ्लॅटधारकांना खूप पॉवर असते.

सीए_सीताबर्डी
बजाजनगरकर, तुमची गृहनिर्माण सहकारी संस्था, कायदा वेगळा, खातं वेगळं. नावात सोसायटी असली तरी यांचा क्लब सहकारी नाही. तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली येतो, त्यामुळे सिव्हिल लाइन्सला धर्मादायचं ऑफिस. उपनिबंधकांकडे अर्ज दिला तर तो परत येईल आणि तुमचे दोन महिने जातील.

आता मूळ प्रश्न. "सीएनी सही केली" या वाक्यावर थांबू नका, पण सीएला चोर पण समजू नका. ऑडिटरसमोर जी पुस्तकं ठेवली त्यावर तो सही करतो. जे खातं त्याला दाखवलंच नाही, जी पावती फाटलीच नाही, ती त्याला ताळेबंदात कुठून दिसणार? म्हणून बाहेरचा पुरावा पाहिजे, जो कमिटीच्या हातून तयार होत नाही.

स्पॉन्सरशिपसाठी असा एक पुरावा प्रत्येक संस्थेच्या नावानं पडलेला असतो आणि कोणी उघडून पाहत नाही. 26एएस. कंपनी जेव्हा बॅनर, लोगो, जाहिरातीचे पैसे देते तेव्हा ती टीडीएस कापते, 2024-25 ला तो आयकराच्या 194सी कलमाखाली होता, तुमच्यासारख्या संस्थेला 2 टक्के, आणि तो क्लबच्या पॅनवर भरते. कोणत्या कंपनीनं, कोणत्या तारखेला, एकूण किती रकमेवर किती कापला, सगळं तिथे ओळीनं दिसतं. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर संस्थेच्या लॉगिननं काढता येतं, त्यामुळे सचिव किंवा खजिनदाराकडेच मागावं लागेल.

तुमच्या 2,45,000 या आकड्यानंच मला थांबवलं. स्पॉन्सर कधी 2,45,000 देत नाही. दीड लाख आणि एक लाख असे अडीच लाख घ्या, 2 टक्के कापा, 5,000 गेले, राहिले बरोबर 2,45,000. म्हणजे दोन स्पॉन्सरचं हातात आलेलं निव्वळ लिहिलंय. खरं तर 2,50,000 जमेला आणि 5,000 येणे टीडीएस म्हणून ताळेबंदात यायला पाहिजे, नाहीतर ते 5,000 रिटर्नमध्ये परत मागायचं कोणाला सुचतच नाही. आणि तुम्ही म्हणता लोगो तीन होते. तिसरा कुठे?

नेटजवळचा
सर हे तर डोक्यातच नव्हतं आलं. 26एएस मागतो. जुना खजिनदार साहेब, आजीव 27 आहेत, यादीत नावापुढे खूण आहे. म्हणजे साधे 185, गुणिले 2,400, 4,44,000. फरक 52,800 वर आला, 22 जणांचा. आजीव निधी पण पाहिला, 1,00,000 नी वाढला, नवीन आजीव चार, फी 25,000. जमलं. ते सांगून देतो कारण जे बरोबर आहे ते पण सांगायला पाहिजे.

त्रिमूर्तीनगरची
स्पॉन्सरशिप म्हणजे देणगीच ना? आमच्या मंडळात आम्ही स्पॉन्सरला 80जी ची पावती देतो, त्यांना पण टॅक्समध्ये फायदा, मंडळाला पण. मग टीडीएस कशाला कापतील? मला वाटतं कापलाच नसेल आणि 26एएस मध्ये काहीच दिसणार नाही.

सीए_सीताबर्डी
त्रिमूर्तीनगरची ताई, अर्धं बरोबर. खरंच देणगी असेल, बदल्यात काही नको असेल, तर टीडीएस नाही आणि 26एएस मध्ये ओळ येणार नाही. पण बॅनरवर लोगो, टी-शर्टवर नाव, बक्षीस समारंभात त्यांचा माणूस स्टेजवर, हे ठरवून घेतलं की ती जाहिरातीची किंमत झाली. त्यावर 80जी ची पावती फाडू नका, दोन्ही बाजूंना त्रास होईल. अजून एक, लहान दुकानदार टीडीएस कापत नाहीत, आणि एका वेळेला 30,000 च्या आत रक्कम असली तरी सहसा कापला जात नाही. म्हणून 26एएस म्हणजे पूर्ण यादी नाही. त्यात जे आहे ते कंपनीनं दिलं किंवा देणं म्हणून नोंदवलंय, जे नाही ते आलं नाही असं म्हणता येत नाही. लहान स्पॉन्सरसाठी बॅनरचे फोटो आणि पत्रव्यवहारच.

मानकापूर_वॉकर
मी विभागीय क्रीडा संकुलात फिरायला जातो, तिथे पण फी वाढवली. हे सगळे क्लब फुकट सरकारी जागा वापरतात आणि वरून वर्गणी घेतात. पहिले ते बंद करा.

जुना_खजिनदार
वॉकर भाऊ, तो विषय वेगळा, त्याचा वेगळा धागा काढा ना, इथे मिसळू नका.

नेटजवळचा, उरलेल्या 22 साठी पावती पुस्तकं पाहा. सगळी पुस्तकं अनुक्रमानं छापलेली असतात, कोणतं पुस्तक कोणाला कोणत्या तारखेला दिलं याचं एक रजिस्टर असतं, निदान असायला पाहिजे. पुस्तक परत आलं का, अर्धं वापरलेलं कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहे का, रद्द पावतीची मूळ प्रत स्थळप्रतीच्या सोबत जोडलेली आहे का. रद्द लिहून मूळ प्रत नसेल तर तिथे थांबायचं, कारण ती प्रत कोणत्यातरी सभासदाच्या घरी असू शकते.

आणि एक आजकालचं. काउंटरवर क्यूआर लावला आहे का? तो कोणाच्या नावाचा आहे? नुसता स्कॅन करा, पैसे पाठवायच्या आधीच नाव दिसतं.

नेटजवळचा
आज संध्याकाळी बॅचनंतर स्कॅन करून पाहिला. क्लबचं नाव नाही आलं, ऑफिसात बसतो त्या पोराचं नाव आलं. प्लास्टिकच्या स्टँडमध्ये क्लबचा लोगो छापलेला कागद आहे आणि त्याच्यावर क्यूआर चिकटवलेला. सचिवांना शांतपणे विचारलं, ते म्हणाले क्लबच्या खात्याचा क्यूआर बँकेतून यायला उशीर होत होता म्हणून त्याचा लावला, तो महिन्याच्या शेवटी सगळे क्लबच्या खात्यात टाकतो. पोरगा साधा आहे, मला त्याच्यावर संशय नाही.

थकबाकीची यादी पण दिली त्यांनी, 14 नावं. म्हणजे 8 जणांचं, 19,200, अजून कुठे बसून नाही राहिलं.

सीए_सीताबर्डी
पोरगा साधा असेल, पण त्याला पण वाचवायचं असेल तर हे आजच बंद करा. उद्या त्याला कोणी विचारलं की तुझ्या खात्यात एवढे पैसे कुठून आले तर तो काय दाखवेल? जमवायची पद्धत अशी. त्याच्या खात्याच्या स्टेटमेंटमधून सभासदांकडून आलेल्या रकमा महिन्याप्रमाणे, क्लबच्या पासबुकात त्याच महिन्यात त्याच्याकडून आलेली एकरकमी जमा, आणि पावती पुस्तकातल्या त्या महिन्याच्या यूपीआयवाल्या पावत्या. तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. महिन्याच्या शेवटी भरलेले पुढच्या महिन्यात गेले तर दोन महिने मिळून जुळतील, त्याची काळजी नका करू. मार्चच्या शेवटचे मात्र बघा, 31 मार्चला त्याच्याकडे असलेले पैसे क्लबचे येणे म्हणून ताळेबंदात यायला पाहिजे होते. तुमचे 8 जण कदाचित तिथेच असतील. कदाचित नसतील पण.

महालचा_पोट्ट्या
आणि तो 1,86,000 चा कमिटी खर्च? त्याच्यावर कोणीच बोलून नाही राहिलं. चहापानाला कोण एवढं पितं बे.

जुना_खजिनदार
रक्कम मोठी म्हणून खर्च खोटा होत नाही. आमच्याकडे एकदा राज्य स्पर्धेला पुण्याला 14 पोट्टे आणि दोन मॅनेजर नेले, रेल्वे, लॉज, जेवण मिळून चांगलाच खर्च आला आणि सगळा कमिटीच्या प्रवास खात्यात टाकला होता कारण दुसरं खातंच नव्हतं. म्हणून पहिले खातेवही मागा, एकूण आकडा नाही. कोण गेलं, कशासाठी, ठराव आहे का, तिकीट आहे का. आगाऊ रक्कम घेतली असेल तर परत आल्यावर हिशोब दिला का, की ती तशीच उचल म्हणून वर्षानुवर्ष पडून आहे.

नेटजवळचा
चार दिवस लागले पण बरंच काही पाहायला मिळालं, म्हणून सविस्तर लिहितो. कमिटीतल्या दोघांनी मदत केली, त्यांनाच माहीत नव्हतं.

एक, 26एएस. तीन कंपन्या आहेत. 1,50,000, 1,00,000 आणि 75,000. एकूण 3,25,000, टीडीएस 6,500. म्हणजे सीए साहेबांचं पहिल्या दोघांचं अगदी बरोबर निघालं. तिसरीचे 75,000 मधले 1,500 कापून 73,500 कुठेतरी जमा झाले, पण क्लबच्या पासबुकात ती नोंदच नाही. सचिवांना विचारलं तेव्हा कळलं की टूर्नामेंट समितीचं म्हणून एक वेगळं बचत खातं आहे, तीन जणांच्या सहीनं चालतं, त्यात गेले. ते खातं ताळेबंदात कुठेच नाही. म्हणाले, टूर्नामेंटचे पैसे टूर्नामेंटला, क्लबचे क्लबला, सोयीसाठी वेगळं ठेवलं, लपवायचं काही नाही.

मग मला सुचलं की एंट्री फी पण तिकडेच गेली असणार. क्लबच्या हिशोबात एंट्री फीची ओळच नाही. ड्रॉ शीट माझ्याकडे होत्या कारण मी अंपायरिंग केलं होतं. बसून मोजल्या. सिंगल्सच्या एंट्री 118, फी 500, झाले 59,000. डबल्सच्या जोड्या 46, फी 800, झाले 36,800. दोन्ही मिळून 95,800. म्हणजे तिसरा स्पॉन्सर धरून 1,69,300 त्या बाहेरच्या खात्यात गेले असावेत.

दोन, चहापान. रोखीची व्हाउचर पाहिली. एकाच केटररची तीन बिलं, 9,800, 9,650 आणि 9,900. तारखा 4 जानेवारी, 19 जानेवारी आणि 8 फेब्रुवारी. बिल नंबर 61, 62, 63.

सीए_सीताबर्डी
ड्रॉ शीटचं काम फार चांगलं केलं. त्यात बाय मोजल्या नाहीत ना हे एकदा पाहून घ्या, आणि वॉकओव्हरवाल्यांना फी परत दिली होती का ते पण. दोन-चार हजार इकडे तिकडे होतील, पण एवढ्या पैशाला पाय फुटलेत का ते त्या खात्याच्या पासबुकातच दिसेल.

त्या खात्याबद्दल स्पष्ट सांगतो. वेगळं खातं ठेवणं गुन्हा नाही. पण पॅन क्लबचा, नाव क्लबचं, स्पर्धा क्लबची, मग ते खातं क्लबच्या ताळेबंदात आलंच पाहिजे. ताळेबंदाच्या अनुसूची आठमध्ये बँक शिल्लक लिहिताना ते सुटलं म्हणजे ऑडिटरला एक तर सांगितलं नाही किंवा त्यानं विचारलं नाही. आणि त्याच्या उलट बाजू पण पाहा. टूर्नामेंटचा खर्च, शटल, ट्रॉफी, मंडप, क्लबच्या जमाखर्चात पण टाकला आहे का? टाकला असेल तर मग बाहेरच्या खात्यातून काय भरलं? एकच शटलचं बिल दोन्हीकडे लागलेलं मी स्वतः दुसऱ्या संस्थेत पाहिलं आहे, मूळ एकीकडे आणि झेरॉक्स दुसरीकडे. म्हणून दोन्ही खात्यांची बिलं एकत्र करून दुकान आणि बिल नंबर लावून पाहा.

केटररचं. ट्रस्टनं एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिले तर तो खर्च आयकरात धरत नाहीत, म्हणून लोक 9,800, 9,900 अशी बिलं बनवून घेतात. नुसतं दहाच्या आत आहे म्हणून मी बोललो नसतो. पण 4 जानेवारी ते 8 फेब्रुवारी या एक महिन्याच्या वर काळात, लग्नसराईत, नागपूरच्या केटररनं दुसऱ्या कोणालाच बिल दिलं नाही? 61, 62, 63 ओळीनं फक्त तुम्हालाच? एक तर ती तिन्ही एका वेळेला बसून लिहिली, किंवा त्याचं वेगळं बिल बुक आहे. त्याला भेटून दुसऱ्या प्रती पाहायला मागा. आणि त्या तारखांना बैठक होती का ते कार्यवृत्तात पाहा.

त्रिमूर्तीनगरची
लहान धंदेवाले एका ग्राहकासाठी वेगळं पुस्तक ठेवतात हो. माझे सासरे मंडप डेकोरेशनवाले होते, नेहमीच्या गिऱ्हाईकाचं बिल बुक वेगळंच असायचं. एकदम खोटं म्हणू नका.

सीए_सीताबर्डी
होऊ शकतं. म्हणूनच दुसऱ्या प्रती पाहा म्हटलं, खोटं म्हटलं नाही. वेगळं पुस्तक असेल तर ते 1 नंबरपासून तुमच्याच नावानं भरलेलं दिसेल, म्हणजे आधीच्या 60 बिलांचा पण क्लबच्या व्हाउचरशी मेळ बसला पाहिजे.

महालचा_पोट्ट्या
आता तरी तक्रार करा ना धर्मादायला. एवढं सगळं हातात आहे.

जुना_खजिनदार
करता येते, पण मी म्हणतो पहिले नियमावली उघडा. किती सभासदांच्या सहीनं विशेष सभा बोलावता येते ते त्यात असतं. लेखी मागणी द्या, विषय एकच ठेवा, टूर्नामेंट खात्याचे हिशोब सादर करणे आणि ताळेबंदात घेणे. पाच विषय टाकले की कमिटी चार सोप्या विषयांवर वेळ घालवते. मी खजिनदार असताना मलाही लोकांनी असंच विचारलं असतं तर वाईट वाटलं असतं, पण मी दाखवलं असतं.

सीए_सीताबर्डी
सहमत. पण सभेची वाट पाहताना दोन कामं करून ठेवा. धर्मादायच्या ऑफिसमधून मागच्या तीन-चार वर्षांच्या ऑडिट रिपोर्टच्या प्रमाणित प्रती काढा, अनुसूची आठ, जमाखर्चाची नऊ आणि ऑडिटरच्या अहवालाची प्रश्नोत्तराची पानं पण. त्या पानांवर ऑडिटरला लिहावं लागतं की जमाखर्च बरोबर दाखवला का, रोख शिल्लक आणि व्हाउचर जुळले का, वर्षाच्या वर थकलेल्या रकमा किती, आणि मागच्या ऑडिटरनं दाखवलेल्या चुका दुरुस्त झाल्या का. सभेत वाटलेल्या अहवालात ती पानं बहुतेक वेळा नसतात. ती वाचली की ऑडिटरला खरंच काही माहीत होतं की नाही ते कळतं.

आणि ऑडिटरला एक साधं पत्र, की या नंबरचं खातं तुमच्यासमोर आलं होतं का. तो क्लबच्या सभासदाला थेट उत्तर द्यायला बांधील नाही, पण पत्र गेलं की पुढच्या वर्षी तो ते खातं मागेल. एवढं करून सभेत काही झालं नाही तर मग कलम 41ब खाली चौकशीचा अर्ज. ट्रस्टमध्ये हितसंबंध असलेला माणूस म्हणून सभासद तो देऊ शकतो. पण अर्जात 26एएस, ड्रॉ शीट आणि बिल नंबर लावा. नुसतं भ्रष्टाचार झाला लिहिलेले अर्ज वर्षानुवर्ष पडून राहतात.

बजाजनगरकर
माहिती अधिकारात नाही मागता येत का क्लबकडून? आम्ही मनपाकडून मागितलं होतं.

सीए_सीताबर्डी
धर्मादायच्या ऑफिसकडे जे दाखल आहे ते मागता येतं. क्लबकडून थेट, यावर वाद आहे. सरकारी अनुदान किती घेतलं, जागा कोणाची, यावर ठरतं. यांच्या बाबतीत मला एवढ्या माहितीवर सांगता येणार नाही.

नेटजवळचा
विशेष सभेच्या मागणीवर आज सकाळच्या बॅचच्या 34 जणांच्या सह्या झाल्या, नियमावलीत एक पंचमांश पाहिजे, म्हणजे 43. संध्याकाळच्या बॅचमध्ये उरलेल्या होतील असं वाटतं. क्यूआर काढला त्यांनी, आता काउंटरवर क्लबच्या खात्याचा नंबर लिहिलेला कागद लावला आहे. टूर्नामेंट खात्याचं पासबुक सचिव दाखवतो म्हणाले पण फक्त 2024-25 चं. टूर्नामेंट 2017 पासून होते. आधीच्या वर्षांच्या ड्रॉ शीट कोणाकडे असतील तर शोधून राहिलो आहे, त्या वर्षी खेळलेले कोणी हा धागा वाचत असतील तर मेसेज करा, व्हॉट्सअॅपवर आलेला ड्रॉचा फोटो असला तरी चालेल.

जुना_खजिनदार
जिल्हा संघटनेकडे पाहा, ओपन टूर्नामेंटचे ड्रॉ त्यांच्या रेफरीकडे असू शकतात. आणि ट्रॉफीवाल्याकडे पण, तो गटांची संख्या लिहून ठेवतो.